मामांच्या दुकानासाठी डॅशबोर्ड: पडद्यावर काय ठेवावं, काय काढावं?

मृण्मयी_द
माझ्या मामांचं स्टेशनरीचं दुकान आहे. बिलिंग संगणकावर होतं, त्यामुळे गेल्या दीड वर्षातली सगळी बिलं तारीख-वेळेसकट हाताशी आहेत. सॉफ्टवेअरमध्ये तयार डॅशबोर्डही आहे, पण मामा तो उघडत नाहीत. परवा शेजारी बसून मुद्दाम उघडायला लावला. पडद्यावर सोळा चौकटी. विभागवार विक्रीचा पाय चार्ट, पैसे कसे आले त्याचा दुसरा पाय चार्ट, सर्वाधिक खपाच्या वीस वस्तू, महिन्याच्या उद्दिष्टाचा काटा, तासातासाचे रंगीत चौकोन, आणखी बरंच काही. मामांनी सगळ्यावरून नजर फिरवली, "आजची विक्री" एवढाच आकडा वाचला आणि गिऱ्हाईकाकडे वळले. त्या आकड्याखाली लाल अक्षरांत "कालपेक्षा ५२% कमी" असं होतं. तेव्हा दुपारचा एक वाजला होता!

मला त्यांच्यासाठी वेगळा पडदा करायचा आहे. स्प्रेडशीट चांगली येते, थोडंफार कोडही लिहिता येतं. प्रश्न तांत्रिक नाही. कोणते आकडे ठेवायचे आणि कोणते निर्दयपणे काढायचे, हे ठरवायला मदत हवी आहे.

विसूभाऊ
बारकोड स्कॅनर आहे का? नसेल तर आधी तो घ्या. आणि बिलिंग मोबाइलवर दिसेल असं सॉफ्टवेअर निवडा, म्हणजे मामा घरूनही विक्री बघू शकतील. मी तीन सॉफ्टवेअर वापरून पाहिली आहेत, व्यनि करा, सांगतो.

मृण्मयी_द
विसूभाऊ, धन्यवाद, पण बिलिंग व्यवस्थित चाललंय, ते बदलायचं नाही. जमा झालेल्या माहितीतलं मामांना काय दाखवायचं, एवढंच विचारतेय.

कोरा_कागद
मी ॲपचे पडदे डिझाइन करतो. माझं मत: एकच मोठा आकडा, आजची विक्री. बाजूला बाण, कालपेक्षा वर की खाली. खाली महिन्याच्या उद्दिष्टाचा अर्धगोल काटा, गाडीच्या स्पीडोमीटरसारखा. बाकी सगळं "आणखी पाहा"च्या आत. दुकानात उभ्या माणसाला दोन-तीन सेकंदांत जे कळतं तेवढंच खरं. सोळा चौकटी म्हणजे कुणीच काही ठरवलं नाही, सगळं मांडून ठेवलं.

खतावणी
कोरा_कागद, शेवटच्या वाक्याशी शंभर टक्के सहमत. पण कालशी तुलना करणारा बाण ठेवू नका. दुकानाची विक्री आठवड्याच्या वारावर चालते. सोमवारी बाण खाली आणि शनिवारी वर, हे मामांना संगणकाशिवाय माहीत आहे. महिनाभर बाण तेच सांगत राहिला की माणूस त्याच्याकडे बघणंच सोडतो, आणि मग खरोखर काही बिघडतं त्या दिवशीही बघत नाही. मंगळवारची तुलना मंगळवारांशीच करा.

मृण्मयी, तुमच्या लाल ५२ टक्क्यांचं कारणही हेच, फक्त जास्त उघडं. अर्ध्या दिवसाची विक्री पूर्ण दिवसाशी ताडली आहे. यावर दोनच रस्ते. एक तर "आज दुपारी १ पर्यंत" याची तुलना मागच्या त्याच वारांच्या दुपारी १ पर्यंतच्या विक्रीशी करायची. नाहीतर चालू दिवस दाखवायचाच नाही, सकाळी दुकान उघडताना "काल"चा पूर्ण दिवस दाखवायचा. मी दुसरा सुचवेन. दुपारी एक वाजता विक्री कमी दिसली तर मामा नेमकं काय करणार आहेत?

आकडे निवडताना प्रत्येक चौकटीला हाच प्रश्न विचारा. हा आकडा नेहमीपेक्षा वेगळा दिसला तर मामा उद्या काय वेगळं करतील? उत्तर "काही नाही" असेल तर ती चौकट काढा, कितीही सुंदर असली तरी. पैसे रोख आले की ऑनलाइन, हे रात्री गल्ला जुळवताना लागतं. त्याची जागा हिशेबाच्या कागदावर.

कोरा_कागद
वाराचा मुद्दा मान्य. काट्याला काय हरकत आहे? लोकांना ओळखीचा वाटतो.

खतावणी
काटा पडद्याचा चौथा हिस्सा खातो आणि सांगतो एकच आकडा, तोही कोनातून. क्लीव्हलँड आणि मॅकगिल या संशोधकांनी १९८४ मध्ये प्रयोग करून दाखवलं की एकाच रेषेवरची जागा किंवा लांबी माणूस बरीच अचूक वाचतो, कोन आणि क्षेत्रफळ त्याहून वाईट वाचतो. पाय चार्टही त्यातच आला. त्याच जागेत एक आडवी पट्टी काढा: फिकट राखाडी पट्टा म्हणजे नेहमीची व्याप्ती, त्यावर ठळक ठिपका म्हणजे कालचा दिवस. ठिपका पट्ट्यात आहे की बाहेर, हे दुरूनही दिसतं.

अनघा_शिवण
माझं शिवणकामाचं दुकान आहे. मीही असा पडदा करून घेतला होता, पण माझी विक्री रोज शून्य आणि एखाद्या दिवशी एकदम मोठी दिसते, कारण कपडा दिला की मगच बिल बनतं. त्यात आगाऊ रक्कम आधी आलेली असते. वारांची सरासरी काढून काहीच कळलं नाही. माझ्यासारख्यांनी काय करावं?

खतावणी
अनघाताई, तुमच्याकडे बिल ही कामाच्या शेवटाची खूण आहे, त्यामुळे रोजची विक्री बघून काही ठरवता येणार नाही. तुमचा रोजचा आकडा म्हणजे हातात किती कपडे आहेत आणि त्यातल्या किती जणांची द्यायची तारीख उलटली आहे. आगाऊ रक्कम विक्रीत धरू नका, ती अजून देणं आहे. तुम्ही वेगळा धागा काढा, तिथे सविस्तर लिहितो.

मृण्मयी, एक काम करा. गेल्या आठ मंगळवारांची विक्री आणि बिलांची संख्या काढून इथे टाका. विक्री म्हणजे बिलांची संख्या गुणिले सरासरी बिल. एकूण आकड्यात हे दोन्ही मिसळून जातात. बिलं कमी झाली तर माणसं का येत नाहीत ते शोधायचं. सरासरी बिल घसरलं तर माल संपलाय का, मांडणी बदलली का, गिऱ्हाईक अर्धी यादी घेऊन परत जातंय का, ते बघायचं. दोन्हींवरचे उपाय वेगळे, म्हणून आकडेही वेगळे हवेत.

मृण्मयी_द
काढले. परतीचा माल वजा करून, जुन्याकडून नव्याकडे, विक्री हजारांत:
१८.२, १९.६, १७.४, २०.१, १८.८, १६.९, १९.३, १८.१
बिलं:
१०८, १११, १०३, ११४, १०६, ८८, ८४, ८१

विक्रीत मला काहीच वावगं दिसत नाही. बिलं मात्र… मी आत्ताच पहिल्यांदा एका ओळीत बघतेय.

टिपणवही
संख्याशास्त्र शिकवते, म्हणून राहवलं नाही. "नेहमीची व्याप्ती" डोळ्यांनी ठरवू नका, एक साधी रीत आहे. शेजारच्या दोन आकड्यांमधले फरक घ्या, चिन्ह सोडून. विक्रीत ते १.४, २.२, २.७, १.३, १.९, २.४, १.२ असे येतात. त्यांची सरासरी साधारण १.८७. तिला २.६६ ने गुणलं की जवळपास ५. विक्रीची सरासरी १८.५५. म्हणजे साडेतेरा ते साडेतेवीस हजारांच्या मधला कुठलाही मंगळवार हा नेहमीचाच मंगळवार. सहाव्या मंगळवारी विक्री आधीच्यापेक्षा १० टक्क्यांनी घसरली आहे. तयार डॅशबोर्डने तिथे लाल रंग दिला असता, पण त्यात बातमी काही नाही. कारखान्यातल्या मालाच्या तपासणीसाठी वॉल्टर शूहार्टने १९२४ मध्ये जे नियंत्रण-आलेख मांडले, त्याच घराण्यातली ही रीत आहे.

आता बिलं. पहिल्या पाच मंगळवारांची सरासरी १०८.४. फरक ३, ८, ११, ८, म्हणजे सरासरी ७.५. गुणिले २.६६ म्हणजे साधारण २०. खालची हद्द ८८ च्या किंचित वर येते. पुढचे तिन्ही मंगळवार तिच्या खाली आहेत! पाच आकड्यांवर बांधलेली हद्द कच्चीच म्हणायची, एकट्या ८८ वर मी काही बोलले नसते. पण सलग तीन, आणि तेही उतरत्या क्रमाने, म्हणजे काहीतरी खरंच बदललंय.

कोरा_कागद
पण विक्री तेवढीच आहे ना? कमी गिऱ्हाइकांत तेवढाच धंदा झाला, म्हणजे उलट चांगलंच. सरासरी बिल १७४ च्या आसपास होतं, ते आता २१५ च्या जवळ गेलंय.

टिपणवही
तसंही असू शकेल. पण सरासरी एका मोठ्या बिलाने फुगते. मृण्मयी, त्या दिवसांची बिलं लहानापासून मोठ्यापर्यंत लावून बरोबर मधलं बिल बघा. ते वाढलं असेल तर गिऱ्हाईक खरंच जास्त घेतंय. ते जागेवर असेल तर दोन-चार मोठ्या बिलांनी खड्डा भरून काढलाय.

मृण्मयी_द
मधलं बिल आधीही ९५ च्या आसपास होतं, आताही तेवढंच. आणि शेवटच्या तिन्ही मंगळवारी एकाच कार्यालयाची मोठी बिलं आहेत, त्यांनी नुकतीच आमच्याकडून खरेदी सुरू केली आहे. इतर वारांचंही बघितलं, बिलांची घसरण सगळीकडे आहे, कुठे थोडी कमी, कुठे जास्त.

मग तासांप्रमाणे फोडून पाहिलं. सकाळ जशीच्या तशी. जवळजवळ सगळी घट संध्याकाळी ५ ते ७ मधली. मामांना विचारलं तर क्षणभर थांबून म्हणाले, "फोटोकॉपीचं मशीन बंद आहे ना." तीन आठवड्यांपासून! एक भाग मिळत नव्हता, आणि फोटोकॉपीचं उत्पन्न तसं किरकोळ, म्हणून त्यांनी घाई केली नव्हती. पण फोटोकॉपीला येणारा माणूस जाता जाता पेन, फाइल, पाकीट घ्यायचा. त्याची छोटी बिलं सगळी गेली. एकूण विक्रीत ते दिसलंच नाही, कारण नेमकं त्याच वेळी ते कार्यालय आलं.

खतावणी
बघा, हा पडद्याचा उपयोग. आणि यासाठी सोळा चौकटी लागल्या नाहीत. बिलांच्या संख्येची एक रेषा पुरली असती. रेषा हलली की मग तासांत शिरायचं, वस्तूंत शिरायचं. तासांचे रंगीत चौकोन रोज समोर असून कुणाला काही दिसलं नव्हतं, कारण ते रोजच असतात. शोध घेण्याची साधनं वेगळ्या पानावर असू द्या, मुख्य पडद्यावर "इथे बघ" एवढंच सांगणारी खूण पुरे.

विसूभाऊ
आता प्रश्न समजला. मग एक कामाचं सांगतो. नफ्याचा आकडा लावणार असाल तर आधी खरेदीदर तपासा. घाईत नवीन वस्तू चढवताना खरेदीदर शून्य राहतो आणि सॉफ्टवेअर त्या वस्तूवर १०० टक्के नफा दाखवतं. माझ्याकडे अशा बऱ्याच वस्तू निघाल्या. एकूण नफा छान दिसत होता, पण होता खोटा.

मृण्मयी_द
विसूभाऊ, तपासलं, आमच्याकडेही आहेत! बहुतेक खोडरबर, टाचण्या असला बारीक माल आहे, पण काही महागडी कॅल्क्युलेटरंही आहेत. मग नफा ठेवू की नको?

खतावणी
रोजच्या पडद्यावर नको. विक्रीतून मालाची खरेदी वजा केली की उरतो तो ढोबळ नफा, त्यातून भाडं, पगार, वीज जायचं असतं. रोज समोर दिसला की तो खिशातला पैसा वाटायला लागतो. शिवाय रोज नफा बघून मामा रोज दर बदलणार नाहीत. आठवड्यातून एकदा, विभागवार, टक्क्यांत बघा. आणि विक्रीचा आकडा कर वगळून घ्या. कर धरलेली विक्री आणि कर वगळलेली खरेदी अशी सांगड पडली तर टक्केवारी फुगते. आठवड्याच्या त्याच कागदावर ९० दिवसांत एकही नग न खपलेला माल, किमतीनुसार उतरत्या क्रमाने.

कोरा_कागद
इथे मी असहमत. मालकाला नफा दिसला नाही तर तो पडदा त्याला परका वाटतो. मी ज्यांच्यासाठी काम केलं त्या प्रत्येकाने पहिल्यांदा नफाच मागितला. आकडा अपुरा असला तरी दाखवा, फक्त नाव नीट द्या.

खतावणी
मागितला हे खरं. त्यावरून कुणी काय केलं, ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही. पण मामांनी स्वतः मागितला तर द्या, वाद घालू नका.

मला रोजच्या पडद्यावर दुसरी जागा मालासाठी हवी आहे. साठ्याची संख्या नको, "किती दिवस पुरेल" हवं. हातात असलेले नग भागिले रोजचा खप. समजा कागदाची २४ रिमं आहेत आणि रोज ४ खपतात, तर ६ दिवस. पुरवठादाराला माल आणायला ५ दिवस लागतात आणि २ दिवस हाताशी ठेवायचे, म्हणजे ७ ची रेषा. ६ हे ७ पेक्षा कमी, म्हणून रीम यादीत आली. जे रेषेच्या वर आहे ते दाखवायचंच नाही. यादीत पाचच ओळी, सर्वांत तातडीची वर. ज्या दिवशी यादी रिकामी असेल त्या दिवशी ती जागाही रिकामी राहू द्या, तिथे दुसरं काही भरू नका.

यात एक खड्डा आहे. रोजचा खप काढताना माल नसलेले दिवस वगळा. महिन्यात ४० नग खपले, पण १० दिवस वस्तू दुकानात नव्हतीच, तर रोजचा खप ४० भागिले २०, म्हणजे २. तीसने भागलं तर १.३३ येतो, मग मागणी कमी वाटते, कमी माल मागवला जातो, आणि वस्तू पुन्हा संपते. सर्वांत जास्त खपणारी वस्तूच अशी मागे पडत जाते.

मृण्मयी_द
हे लगेच लावते. वारांच्या सरासरीसाठी मी असं लिहिलंय (A मध्ये तारीख, B मध्ये वाराचा क्रमांक, C मध्ये विक्री, आणि तुलना कालच्या वाराची):

```
=AVERAGEIFS(C:C, B:B, WEEKDAY(TODAY()-1), A:A, ">="&TODAY()-57, A:A, "<"&TODAY()-1)
```

कालचा दिवस सोडून त्याआधीचे आठ तेच वार यात येतात. बरोबर आहे ना? दुकान बंद होतं ते दिवस शून्य म्हणून न ठेवता ओळच काढली आहे.

टिपणवही
बरोबर. `B` मधला क्रमांकही `WEEKDAY` नेच, कोणताही वेगळा पर्याय न देता काढलेला असू द्या, नाहीतर रविवार कुठे १ तर कुठे ७ होतो आणि चुकीचे वार जुळतात. ओळ काढणं उत्तम, शून्य ठेवलं असतं तर सरासरी पडली असती आणि हद्दही नको तेवढी रुंद झाली असती.

पण शाळा उघडण्याच्या आठवड्यांत ही हद्द निकामी होईल. त्या काळात प्रत्येक दिवस पट्ट्याच्या वर जाईल, आणि नंतर दोन महिने प्रत्येक दिवस खाली दिसेल, कारण मागच्या आठांत ते मोठे आठवडे मिसळलेले असतील.

खतावणी
त्या आठवड्यांसाठी मागच्या वर्षीचा तोच हंगाम घ्यायचा, तारखेने नव्हे, "शाळा उघडायच्या आधीचा दुसरा आठवडा" असा. आणि नंतरच्या आठांतून ते आठवडे वगळायचे.

टिपणवही
एकाच मागच्या वर्षावर हद्द कशी बांधणार? मृण्मयीकडे दीडच वर्षाची माहिती आहे. मी तर म्हणेन त्या आठवड्यांत पट्टा काढूच नये, फक्त मागच्या वर्षीचा आकडा फिकट ठिपक्याने दाखवावा. खोटी हद्द असण्यापेक्षा हद्द नसलेली बरी.

खतावणी
हं, यावर ठाम बोलण्याइतकं माझ्याकडे काही नाही. तुमची सूचना जास्त सुरक्षित आहे.

कोरा_कागद
रंगांबद्दल एक. लाल-हिरवा यांवर विसंबू नका. पुरुषांमध्ये साधारण ५ ते ८ टक्क्यांना हे दोन रंग वेगळे ओळखायला जड जातात. सगळं राखाडी ठेवा, आणि ठिपका पट्ट्याबाहेर गेला तरच एक ठळक रंग, शेजारी "नेहमीपेक्षा कमी" असे शब्द. एरवी पडद्यावर रंगच नसला की रंग आलेला दिसतो. काट्याचा आग्रह मी सोडला.

अनघा_शिवण
एक विचारू का? उधारी कुठे गेली? विक्री झाली पण पैसे आले नाहीत, हे मृण्मयीच्या मामांकडे नाही का होत?

मृण्मयी_द
अनघाताई, चांगला प्रश्न. आधी जवळपास नव्हतीच, पण ते नवं कार्यालय महिनाअखेरीला पैसे देतं. म्हणजे आता आहे, आणि वाढणार.

खतावणी
मग सगळी थकबाकी एका आकड्यात दाखवू नका. ठरलेल्या मुदतीतली बाकी हा धंद्याचा भाग आहे. मुदत उलटलेल्यांची नावं आणि रक्कम तेवढी दाखवा, मालाच्या यादीसारखीच: कुणी नसेल तर जागा रिकामी. त्यावरून मामा फोन करतील, म्हणजे ती चौकट माझ्या कसोटीला उतरते.

कोरा_कागद
गल्ल्यावरच्या पडद्यावर गिऱ्हाइकांची नावं? समोर उभा माणूस वाचेल. तिथे फक्त "२ बिलांची मुदत संपली" एवढंच असावं, नावं दाबल्यावर दिसावीत.

मृण्मयी_द
हे पटलं. तर आत्ता मांडणी अशी आहे: वर कालची विक्री आणि कालची बिलं, दोन्ही पट्टा-ठिपक्यासह. मधे बिलांची आठ आठवड्यांची रेषा. खाली मागवायच्या मालाच्या जास्तीत जास्त पाच ओळी, आणि मुदत उलटलेल्या बिलांची एक ओळ. मामांनी मधलं बिल काढायला सांगितलं, त्यांना ते बघून काय करायचं ते उमगेना, म्हणून ते शोधाच्या पानावर गेलं. नफा त्यांनी मागितलाय, रविवारच्या कागदावर देतेय, खरेदीदर भरून झाल्यावर.

मशीनचा भाग काल आला. बिलांची रेषा वर येते का ते पाहून इथे आकडे टाकेन. कार्यालयाची बिलं वेगळी काढून दोन रेषा ठेवाव्यात का, हे मात्र अजून कळत नाहीये. मामा म्हणतात, तेही गिऱ्हाईकच.

टिपणवही
बिलांच्या संख्येत त्यांची दोन-तीन बिलं, त्याने फरक पडत नाही. विक्रीच्या पट्ट्यात मात्र पडतो, एका बिलाने ठिपका वर-खाली होईल. निदान विक्रीतून ती रक्कम वगळून बघा, पट्टा किती अरुंद होतो ते इथे सांगा.